सन २०२६-२७ : सांस्कृतिक वर्षाची दिनदर्शिका

आदरणीय प्राचार्य महोदय, सांस्कृतिक विभागाचे प्रमुख, प्राध्यापकवर्ग, कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सांस्कृतिक मंडळाची या वर्षीची दिनदर्शिका आज आपल्यासमोर ठेवत आहे. ती वाचताना पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही, की मागच्या वर्षी २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी यंदा सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे, आणि तिच्यामागोमाग दसरा, दिवाळी हे सणही तितकेच पुढे गेले आहेत. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना नुकताच संपला, हे त्याचे कारण आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते आणि सौर वर्ष त्याहून सुमारे अकरा दिवसांनी मोठे असते. हा फरक साचत जाऊन सण ऋतूंपासून दूर सरकू नयेत, म्हणून सुमारे दर ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरला जातो. हिजरी कालगणनेत अशी भर घातली जात नसल्याने ईद आणि मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात व हळूहळू सर्व ऋतूंमधून फिरतात. मकर संक्रांत सूर्याच्या संक्रमणावर ठरते, म्हणून ती १४-१५ जानेवारीच्या आसपासच राहते. यंदाचे संक्रमण १४ जानेवारीच्या रात्री होत असल्यामुळे २०२७ची संक्रांत १५ तारखेला आहे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, मागील वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवून त्यात केवळ साल बदलण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, आणि तिच्यामुळे कोणाचा तरी सण नेमका चाचणी परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या दिवशी येतो. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतील मुले शेजारी बसतात. त्यामुळे आम्ही आधी सगळ्यांचे सण मांडले आणि उरलेल्या जागेत आपले कार्यक्रम बसवले.

आषाढी एकादशी शनिवारी, २५ जुलैला आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने त्या आठवड्यात अनेक जण वारकऱ्यांच्या सेवेत असतील, म्हणून नवागतांच्या स्वागताचा कार्यक्रम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेत आहोत. ईद-ए-मिलाद २६ ऑगस्टच्या आसपास आणि राखी पौर्णिमा २८ तारखेला असल्यामुळे त्या आठवड्यात एकही स्पर्धा ठेवलेली नाही. गणेशोत्सव २५ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत चालेल. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बतुकम्मा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सुरू होत असल्याने तेलुगू मैत्रिणींच्या सूचनेवरून नृत्यस्पर्धेची प्राथमिक फेरी सप्टेंबरच्या अखेरीस, विसर्जनानंतर, घेण्याचे ठरले. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे परिपत्रक आल्यावर मात्र या भागात बदल होऊ शकेल, आणि तो सूचनाफलकावर लावला जाईल.

वार्षिक स्नेहसंमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, नाताळच्या सुटीपूर्वी, होईल. जानेवारीत ते घेणे सोयीचे झाले असते, असे अनेकांनी सुचवले. परंतु सिद्धेश्वर यात्रेच्या काळात गड्डा भरलेला असताना आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी घरोघरचे लोक रस्त्यावर असताना स्नेहसंमेलन ठेवणे मला योग्य वाटले नाही, आणि मंडळानेही ते मान्य केले.

सर्वांत जास्त विचार आम्हाला फेब्रुवारीचा करावा लागला. रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल, आणि त्याच महिन्यात १९ तारखेची शिवजयंती व २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन आहे. या दोन्ही दिवसांच्या तारखा आपल्याला बदलायच्या नाहीत, मात्र वेळ बदलता येते. म्हणून दोन्ही कार्यक्रम सकाळच्या सत्रात होतील, रोजा असलेल्या विद्यार्थ्यांना दुपारच्या उन्हात मैदानावर थांबावे लागणार नाही, आणि खाद्यमहोत्सव रमजान ईदनंतर घेतला जाईल. महाशिवरात्र ६ मार्चला आणि ईद त्यानंतर चार-पाच दिवसांनी येत असल्याने तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, २२ मार्चच्या धुळवडीआधी, ठेवला आहे.

छापील दिनदर्शिकेत चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या प्रत्येक तारखेपुढे चौकोनी खूण आहे. अशा दिवसांच्या आदल्या व नंतरच्या दिवशीही मंडळ तालीम किंवा फेरी ठेवणार नाही. तिथीच्या बाबतीत पंचांगांत मतभेद आढळल्यास महाविद्यालयाची जाहीर सुटी ग्राह्य धरली जाईल, पण ज्याच्या घरी सण दुसऱ्या दिवशी असेल त्याने वर्गप्रतिनिधीला आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे त्याची फेरी पुढे घेता येईल.

आपल्या घरचा, गावच्या जत्रेचा किंवा उरुसाचा एखादा महत्त्वाचा दिवस या दिनदर्शिकेत राहून गेला असेल, तर तो येत्या शनिवारपर्यंत ग्रंथालयाशेजारील मंडळाच्या खोलीतील वहीत लिहावा. सोमवारी प्राचार्यांच्या स्वाक्षरीने अंतिम प्रत प्रसिद्ध होईल.