नोटबदलीची मर्यादा वाढण्याऐवजी निम्म्याहून खाली. शुक्रवारपासून फक्त २,००० रुपये

नवी दिल्ली, १७ नोव्हेंबर २०१६ : चलनातून बाद झालेल्या ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा बँकेच्या खिडकीवर बदलून घेण्याची मर्यादा शुक्रवारपासून ४,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणण्यात येत असून, ३० डिसेंबरपर्यंत एका व्यक्तीला ही सवलत एकदाच मिळेल, असे केंद्रीय आर्थिक व्यवहार सचिव शक्तिकांत दास यांनी गुरुवारी पत्रकार परिषदेत जाहीर केले. खात्यात जुन्या नोटा भरण्याची मुभा कायम आहे.

ही घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ८ नोव्हेंबरच्या रात्री देशाला दिलेल्या शब्दाच्या थेट उलट आहे. २४ नोव्हेंबरपर्यंत ४,००० रुपयांची मर्यादा राहील आणि २५ नोव्हेंबरपासून ३० डिसेंबरपर्यंत ती वाढवली जाईल, असे त्यांनी भाषणात सांगितले होते. त्याच दिवशीच्या अधिसूचनेतील शब्द मात्र अधिक सावध होते : मर्यादेचा १५ दिवसांनी आढावा घेतला जाईल, एवढेच तिच्यात म्हटले होते. आढाव्याची ती मुदत अजून संपलेली नाही. मधल्या काळात, १३ नोव्हेंबरला, सरकारने मर्यादा ४,५०० रुपयांपर्यंत वाढवली आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांत ती आज खाली आणली.

अधिकाधिक लोकांना नोटा बदलता याव्यात, हे कपातीचे कारण दास यांनी दिले. तीच माणसे पुन्हा पुन्हा रांगेत येत असल्याचे सांगून त्यांनी मंगळवारी बोटाला शाई लावण्याचा निर्णय जाहीर केला होता. पुरेशी रोकड उपलब्ध असल्याचे सरकार सातत्याने सांगत आहे. रोकड पुरेशी असेल, तर शाईच्या उपायाचा परिणाम दिसण्याआधीच प्रामाणिक खातेदाराचाही वाटा का कापावा लागला, हा प्रश्न रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा आहे आणि दिलेल्या कारणातून त्याचे पुरते उत्तर मिळत नाही.

लग्नघरातील कुटुंबाला एका खात्यातून अडीच लाख रुपये, पीककर्ज किंवा किसान क्रेडिट कार्ड असलेल्या शेतकऱ्याला आठवड्याला २५,००० रुपये, तर बाजार समितीतील नोंदणीकृत व्यापाऱ्याला ५०,००० रुपये काढता येतील, अशा सवलतीही जाहीर झाल्या.

महाराष्ट्रात पीककर्जाचा मोठा भाग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांमार्फत जात असल्याने शेतकऱ्यांसाठीच्या सवलतीकडे येथे बारकाईने पाहावे लागेल. सुरुवातीला या बँका जुन्या नोटा स्वीकारत होत्या. रिझर्व्ह बँकेने १४ नोव्हेंबरला त्यांना नोटा बदलून देण्यास आणि भरून घेण्यासही मनाई केली. खातेदारांना आठवड्याला २४,००० रुपयांपर्यंत रक्कम काढू देण्याची परवानगी त्यांना आहे, परंतु हाताशी असलेल्या जुन्या नोटा भरण्यासाठी रब्बीच्या तोंडावर शेतकऱ्याला दुसऱ्या बँकेची शाखा गाठावी लागत आहे.