मोडाच्या मटकीतील आम्ल फॉस्फेटेज: सब्स्ट्रेटच्या संहतीनुसार अभिक्रियेचा दर आणि कमाल दराचा अंदाज

प्रात्यक्षिक अहवाल, एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र, पुणे

उद्देश

एन्झाइमचे प्रमाण तेच ठेवून सब्स्ट्रेटची संहती वाढवत नेली, तर दर कसा बदलतो हे आलेखावर मांडणे आणि त्या वक्रावरून Vmax व Km काढणे.

साहित्य व कृती

मंडईतून आणलेली मटकी रात्रभर भिजवून दोन दिवस मोड आणले. १० ग्रॅम मोड बर्फावर ठेवलेल्या खलात थंड ॲसिटेट बफरसोबत (०.१ मोलर, पीएच ५.०) वाटले, मलमलीतून गाळले आणि सेंट्रिफ्यूज केले. वरचा निवळ द्रव हाच आमचा एन्झाइम. तो शुद्ध केलेला नाही, हे पुढे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागेल. फॉस्फेट बफर मुद्दाम टाळला, कारण फॉस्फेट स्वतःच या एन्झाइमला अडवतो.

सब्स्ट्रेट म्हणून पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट (पुढे पीएनपीपी) घेतले. त्यातला फॉस्फेट तुटला की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतो आणि अल्कलीत तो पिवळा दिसतो. प्रत्येक नळीत एकूण १ मिलि मिश्रण होते, त्यात ५० मायक्रोलिटर एन्झाइम (२४ मायक्रोग्रॅम प्रथिन). नळ्या ३७ अंश सेल्सिअसला ५ मिनिटे ठेवल्या, मग ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १ मिलि घालून अभिक्रिया थांबवली. त्यानेच रंगही खुलतो. वाचन ४०५ नॅनोमीटरला, १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये घेतले.

ब्लँक प्रत्येक संहतीसाठी वेगळा ठेवला: आधी अल्कली, मग एन्झाइम. पीएनपीपीच्या बाटलीत थोडा मुक्त नायट्रोफिनॉल असतोच, त्यामुळे सब्स्ट्रेट वाढला की ब्लँकही पिवळसर होत जातो. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या नळ्यांना एकच ब्लँक लावला होता. त्यामुळे वक्र वरच्या टोकाला सपाट होण्याऐवजी चढतच राहिला. ते आकडे इथे घेतलेले नाहीत.

दराचे गणित

४०५ नॅनोमीटरला नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक १८,००० (प्रति मोलर प्रति सेंमी) धरला. थांबवल्यावर आकारमान दुप्पट होते आणि वेळ ५ मिनिटे आहे, म्हणून

```
v = A × 2 / (0.018 × 5) = A / 0.045
```

इथे v म्हणजे मिश्रणाच्या दर मिलिमध्ये मिनिटाला तयार होणारे नायट्रोफिनॉल, नॅनोमोलमध्ये.

निरीक्षणे

शोषण म्हणजे तीन नळ्यांची सरासरी, ब्लँक वजा करून. शेवटचा रकाना खाली दिलेल्या समीकरणाने काढलेला आहे.

| पीएनपीपी (मिलिमोलर) | शोषण | मोजलेला v | समीकरणाचा v |
|---|---|---|---|
| ०.०५ | ०.०५७ | १.२७ | १.३३ |
| ०.१० | ०.११० | २.४४ | २.३९ |
| ०.२० | ०.१७७ | ३.९३ | ३.९९ |
| ०.४० | ०.२७४ | ६.०९ | ५.९९ |
| ०.८० | ०.३५४ | ७.८७ | ७.९८ |
| १.६० | ०.४३६ | ९.६९ | ९.५८ |
| ३.२० | ०.४७५ | १०.५६ | १०.६५ |
| ६.४० | ०.५०९ | ११.३१ | ११.२७ |

वक्राचे वाचन

सुरुवातीला संहती दुप्पट केली की दरही जवळपास दुप्पट होतो: ०.०५ वरून ०.१० वर जाताना १.९ पट. पुढे हा हिशेब ढिला पडत जातो आणि ३.२ वरून ६.४ वर गेल्यावर दर जेमतेम ७ टक्क्यांनी वाढतो. एन्झाइमचे रेणू मोजकेच आहेत. सब्स्ट्रेट कमी असताना बरेचसे रिकामे बसलेले असतात, आणि तो भरपूर झाला की जवळजवळ सगळे गुंतलेले असतात. मग आणखी सब्स्ट्रेट ओतून फारसे काही होत नाही.

हा आकार १९१३ मध्ये मायकेलिस आणि मेंटेन यांनी मांडलेल्या समीकरणात बसतो:

```
v = Vmax × [S] / (Km + [S])
```

आलेख काढताना बिंदू नुसते सरळ रेषांनी जोडले नाहीत, त्यांच्यामधून समीकरणाचा वक्र नेला. मोजलेले दर वक्राच्या कधी वर तर कधी खाली पडतात, फरक ०.१२ च्या आत आहे आणि कुठल्याही टोकाला सलग एकाच बाजूचा झुकाव नाही.

Vmax चा अंदाज

सर्वांत मोठा मोजलेला दर ११.३१. हाच Vmax म्हणून लिहिण्याचा मोह होतो, आणि आमच्या बॅचमधल्या निम्म्या वह्यांत तसेच लिहिलेले होते. पण वक्र तिथे संपत नाही. संहती Km च्या १० पट असली तरी दर कमाल दराच्या ९१ टक्केच असतो. ९९ टक्के गाठायचे तर Km च्या ९९ पट, म्हणजे आमच्या बाबतीत सुमारे ४० मिलिमोलर पीएनपीपी लागेल. Vmax मोजता येत नाही, वक्रावरून अंदाजावा लागतो.

त्यासाठी आर मध्ये थेट वक्र बसवला:

```r
fit <- nls(v ~ Vmax*S/(Km+S),
           start = list(Vmax = 11, Km = 0.5))
summary(fit)
```

उत्तर: Vmax = ११.९८ ± ०.०८ नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलि, Km = ०.४० ± ०.०१ मिलिमोलर (± म्हणजे प्रमाण त्रुटी). ०.४० मिलिमोलरला मोजलेला दर ६.०९, म्हणजे Vmax च्या निम्म्याच्या आसपास. Km च्या व्याख्येशी हे जुळते.

जर्नलच्या ठरलेल्या नमुन्यात लाइनवीव्हर-बर्क आलेखही हवा होता, म्हणजे 1/v विरुद्ध 1/[S] ची सरळ रेषा. ती काढली. छेद ०.०७९६ आला, त्यावरून Vmax = १२.५७ आणि Km = ०.४४. आकडे तेच असून उत्तर ५ टक्क्यांनी वर गेले. कारण शोधायला सर्वांत कमी संहतीचा बिंदू वगळून पाहिला, तर त्याच रेषेने Vmax ११.८३ आणि Km ०.३९ दिला. थेट वक्रातून तोच बिंदू काढला तर Vmax ११.९८ चा ११.९७ होतो, इतकेच.

व्युत्क्रम घेतला की सर्वांत लहान दर सर्वांत मोठा होऊन आलेखाच्या उजव्या टोकाला जाऊन बसतो आणि तराजूच्या लांब दांडीसारखी सगळी रेषा फिरवतो. शिवाय नेमका तोच बिंदू कच्चा आहे: ५ मिनिटांत ५० मायक्रोमोलरपैकी ६.३, म्हणजे जवळपास १३ टक्के पीएनपीपी संपून गेले. आरंभीचा दर म्हणायचे तर १० टक्क्यांच्या आत राहायला हवे होते. त्या ५ मिनिटांतली सरासरी संहती ०.०४७ च्या आसपास धरली, तर समीकरण १.२६ दर सांगते. मोजलेला १.२७ आहे. बिंदू चुकीचा नाही, त्याच्यापुढे लिहिलेली संहती थोडी जास्त आहे. पुन्हा करताना त्या नळ्या २ मिनिटांतच थांबवायच्या आणि ०.०५७ पेक्षाही लहान येणारे शोषण वाचता यावे म्हणून अल्कली १ मिलिऐवजी निम्मी, पण दुप्पट तीव्र घालायची.

म्हणून अहवालात थेट वक्राचे उत्तर दिले आहे. सरळ रेषा फक्त नमुन्यापुरती जोडली आहे.

निष्कर्ष

३७ अंश, पीएच ५.० आणि नळीत २४ मायक्रोग्रॅम प्रथिन असताना Vmax = १२.० नॅनोमोल प्रति मिनिट, म्हणजे प्रति मिलिग्रॅम प्रथिन ०.५० मायक्रोमोल प्रति मिनिट. Km = ०.४० मिलिमोलर. Vmax एन्झाइमच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने प्रथिनाचा आकडा सोबत दिला आहे. गाळलेल्या द्रवात आम्ल फॉस्फेटेज नेमके किती, आणि ते एकाच प्रकारचे आहे का, हे या प्रयोगातून कळत नाही. म्हणून एका रेणूमागची उलाढाल, म्हणजे kcat, काढलेली नाही.