वार्षिक कामगिरी आढावा: हेड वेटर (झालेल्या बोलण्याची नोंद)

कालावधी एप्रिल २०२५ ते मार्च २०२६. धरमपेठ, नागपूर. दुपारचं जेवण उरकल्यावर साडेतीनला, फॅमिली सेक्शनच्या कोपऱ्यातल्या टेबलवर बसलो.

व्यवस्थापक: बसा भाऊ, चहा सांगितलाय. पाहुण्यांची सेवा, ऑर्डरची अचूकता, टीम, स्वच्छता आणि बिल, या पाच गोष्टींवर पाचपैकी गुण आहेत. आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय. वर्ष कसं गेलं?

हेड वेटर: बरं गेलं जी ताई. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत बसाले उसंत नव्हती. एका रात्री २१० कव्हर झाले, पण एकही पार्टी उपाशी परत गेली नाही.

व्यवस्थापक: त्याच रात्रीची एक गोष्ट मी लिहून ठेवलीय. सात नंबरवर एक आजोबा होते, त्यांचा हात थरथरत होता. रश्श्याची वाटी ओठापर्यंत जाईना. तुम्ही कुणाला काही न बोलता खोल बाऊल आणि जाड दांड्याचा चमचा आणून ठेवलात, भाकरी आतच कुस्करून आणलीत. घरच्यांच्या लक्षात येण्याआधी आजोबा जेवायला लागले होते. हे शिकवून येत नाही. सेवेला पाच.

हेड वेटर: माह्या बापाचा हात तसाच होता ताई.

व्यवस्थापक: अचूकतेला चार. चुकीच्या केओटी तुमच्या शिफ्टला सगळ्यात कमी. एक गुण कापला तो फेब्रुवारीतल्या ठेच्यामुळे. बाईंनी शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली होती, वेटरनं ते केओटीवर लिहिलंच नाही.

हेड वेटर: ताट मीच किचनच्या पासवरून परत फिरवलं जी.

व्यवस्थापक: फिरवलंत, म्हणून बाई वाचल्या. पण तुम्ही पासवर नसता तर? आता टीमवर येते, आणि इथे मी दोन दिलेत.

हेड वेटर: दोन? काऊन बाप्पा? पोट्टे माह्या शब्दाबाहेर नाहीत!

व्यवस्थापक: तेच तर. जानेवारीत तुम्ही चार दिवस गावाला गेलात. पहिल्याच रात्री बारा जणांच्या टेबलवर स्टार्टर आणि मेन कोर्स एकदमच लागले. कोणाला तिखट झेपत नाही, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, सगळं तुमच्या डोक्यात. पोरांच्या हाती काहीच नाही. दुसरं, नवीन मुलानं पाण्याचा जग सांडला तेव्हा तुम्ही पाहुण्यांसमोर त्याला झापलंत. तो आठवड्याभरात सोडून गेला.

हेड वेटर: (थोडा वेळ गप्प) ते चुकलंच. त्या पोट्ट्याले मी दुसऱ्या दिवशी समजावणार होतो, राहून गेलं. पण ताई, एक सांगतो. सात जणांचं काम पाच जणांत होते. डिसेंबरात मले सुट्टी नाही भेटली. शिकवाले टाइम कुठून आणू?

व्यवस्थापक: हे तुमचं खरं आहे, आणि ते माझ्याकडून झालं. सुट्टीचं मी लिहून घेतेय. मे महिन्यापासून आठवड्याची एक सुट्टी पक्की, अधिवेशनातही. दोन माणसंही वाढवतेय. स्वच्छता चार, बिल पाच. सर्व्हिस चार्ज आपण लावत नाही, ते कुणी विचारलं की तुम्ही शांतपणे सांगता. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, हे पोरांनाही माहीत असायला हवं.

आता पुढच्या वर्षाचं बोलू. ३१ जुलैपर्यंत दोन मुलं अशी तयार करा की तुमच्या सुट्टीच्या रात्री सेक्शन त्यांनी एकट्यानं चालवावा. कोण ते तुम्ही निवडा.

हेड वेटर: एक तर चार नंबरवाला, हुशार आहे. दुसऱ्याचं उद्या सांगतो.

व्यवस्थापक: ठीक. रोज संध्याकाळी पावणेसातला दहा मिनिटं ब्रीफिंग. आज काय संपलंय, कोणत्या पदार्थात शेंगदाणा, दूध, अंडं, गहू आहे, हे मुलांनी बोलायचं, तुम्ही ऐकायचं. ॲलर्जी केओटीवर लाल पेननं, तोंडी निरोप चालणार नाही. आणि चूक झाली तर झापणं पाहुणे गेल्यावर, मागे पॅन्ट्रीत.

हेड वेटर: झापणं नाही, समजावणं म्हणा जी.

व्यवस्थापक: समजावणं लिहिते. तुमचे नेहमीचे पाहुणे डोक्यातून वहीत उतरवा. रोज दोन नावं पुरे. एप्रिलपासून पगारात १,५०० रुपये वाढ. जुलैचं काम झालं की ऑगस्टमध्ये परत बसू, तेव्हा फ्लोअर सुपरवायझरचं बोलू.

हेड वेटर: वही मी आजच घेतो. पहिलं नाव सात नंबरच्या आजोबाचं लिहितो.

दोघांनी सही केली. एक प्रत हेड वेटरकडे, एक फाईलला.