न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करण्यासाठी सही-शिक्क्याचा, प्रमाणित खातेउतारा मिळणेबाबत अर्ज

दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
तासगाव शाखा, जि. सांगली

अर्जदार : सुनीता महादेव पाटील, रा. सावळज, ता. तासगाव
बचत खाते : शेवटचे चार आकडे ४४१७

महोदय,

गेल्या हंगामात मी द्राक्षबाग एका व्यापाऱ्याला दिली. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी एनईएफटीने १,००,००० रुपये उचल पाठवली. उरलेल्या ४,८५,००० रुपयांचा चेक मी २० मार्चला आपल्या शाखेत भरला, तो दुसऱ्याच दिवशी ‘पुरेशी शिल्लक नाही’ या शेऱ्याने परत आला. त्याबद्दल कलम १३८ खालील माझी फिर्याद तासगावच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात चालू आहे.

आता व्यापारी म्हणतात, एप्रिल-मे महिन्यांत दोन हप्त्यांत सगळे पैसे खात्यावर भरले. एक रुपयाही आलेला नाही. मोबाइलवरून काढलेला उतारा मी दिला होता, त्यावर सही-शिक्का नाही म्हणून समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. पासबुकात मार्चची ओळ नेमकी घडीवर आली आहे, रक्कम वाचता येते पण तारीख पुसट झाली आहे.

म्हणून १ जानेवारी ते ३० जून २०२५ या काळाचा संपूर्ण उतारा द्यावा, ही विनंती. फक्त चेकची नोंद काढून देऊ नये. पैसे आले नाहीत हेच मला सिद्ध करायचे आहे, आणि ते सलग उताऱ्यावरूनच दिसेल. चेक परतीचा आकार, व्याज, किरकोळ कपात, सगळ्या नोंदी राहू द्याव्यात.

प्रत्येक पानावर पान क्रमांक, शाखेचा गोल शिक्का आणि आपली सही असावी. शेवटी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे खरी नक्कल असल्याचा दाखला आपले नाव, हुद्दा व तारखेसह द्यावा. उतारा संगणकातून निघणार असल्याने त्याच कायद्याच्या कलम २ए नुसार आपले आणि संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ही भरून द्यावा. नुसत्या शिक्क्यावर आमच्या वकिलांचे समाधान होणार नाही, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

पुढील तारीख २० जानेवारी २०२६ आहे. संगणक विभागाची सही वरिष्ठ कार्यालयातून आणावी लागत असेल, तर त्यात दिवस जातील हे मी समजते. तरी १६ तारखेपर्यंत दोन प्रती बंद लिफाफ्यात मिळाव्यात. होणारा आकार माझ्या वरील खात्यातून वळता करून घ्यावा, माझी संमती आहे. लिफाफा मी स्वतः येऊन सही करून नेईन, दुसऱ्या कोणाकडेही देऊ नये.

सोबत आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, चेक परतीचा मेमो आणि फिर्यादीचे पहिले पान यांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सुनीता महादेव पाटील