निष्कर्ष: साध्या आधारावरील बीमचा विक्षेप (प्रयोगशाळा: ग्रामीण तंत्रनिकेतन, यवतमाळ जिल्हा)

मध्यभागी 20 N भाराखाली δ = WL³/48EI ने विक्षेप 4.63 mm येतो (L = 1000 mm, पट्टी 25 × 6 mm, E = 2 × 10⁵ N/mm²). डायल गेजवर 5.12 mm मिळाला, म्हणजे सुमारे 10.6 टक्के जास्त.

मुख्य दोष जाडीचा. 6 mm हा आकडा दुकानातल्या मापाचा. पावसाळ्यात गंजलेली पट्टी दरवर्षी पॉलिश पेपरने घासली जाते. व्हर्नियरने पाच ठिकाणी मोजल्यावर सरासरी 5.85 mm आली. I मध्ये जाडीचा घन असल्याने एवढ्याशा फरकानेच उत्तर 5.00 mm वर जाते. धारांमधले अंतर प्रत्यक्षात 1004 mm भरले. तेही घनात जाते, म्हणून 5.06 mm.

उरलेले 0.06 mm आलेखात दिसतात. भार-विक्षेप रेषा सरळ आहे, उतार 0.253 mm/N, पण ती शून्यातून जात नाही, अक्षाला 0.06 mm वर छेदते. जाडी किंवा E चुकले असते तर उतार बदलला असता. हा दोष भारासोबत वाढत नाही, तेव्हा तो पट्टी धारेवर नीट न बसण्याचा किंवा गेज शून्य करण्यातला. आधी 2 N ठेवून, पट्टी बसू देऊन मग गेज शून्य करायला हवा होता.

भार उतरवताना वाचन 0.04 mm जास्त आले: गेजच्या दांड्यात धूळ, घर्षण. गेज खालून लावला होता. त्याची स्प्रिंग पट्टीला वर ढकलते, म्हणजे तो दोष वाचन कमीच दाखवतो. कर्तन विक्षेप इतक्या बारीक पट्टीत नगण्य.