उद्देश-निवेदन: एम.ए. (मास कम्युनिकेशन) प्रवेशासाठी

प्रति,
प्रवेश समिती,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

कोल्हापुरातल्या एका मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर मी उपसंपादक आहे. शिरोळ, हातकणंगले आणि करवीर या तालुक्यांची पाने माझ्याकडे असतात. वार्ताहरांची कॉपी संध्याकाळी मेलवर आणि व्हॉट्सअॅपवर येते. ती निवडायची, नीट करायची, मथळा द्यायचा आणि पान वेळेत सोडायचे, हे माझे काम. ते मला मनापासून आवडते. त्या कामातच पडलेल्या एका प्रश्नाचा शिस्तीने अभ्यास करता यावा, म्हणून हा अर्ज करते आहे.

प्रश्न पुराच्या बातम्यांचा आहे. पावसाळ्यात आमच्या बातमीचा इंट्रो जवळपास ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, विसर्ग किती क्युसेक. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे नदीकाठच्या घराघरांत पाठ असते. घर कधी सोडायचे हे लोक त्यावरूनच ठरवतात, त्यामुळे या आकड्यांचे मोल मी कमी मानत नाही. शिवाय ते प्रशासनाकडून रोज, छापायला तयार अशा स्वरूपात मिळतात. गावातली माहिती तशी मिळत नाही. चारा कुठून आणायचा, छावणीत जनावरांची सोय होणार का, मागच्या पंचनाम्यात कोणाचे घर राहून गेले, हे वार्ताहर लिहितो. पण बहुधा शेवटच्या परिच्छेदात. आधी अधिकारी, मग आकडा, मग गावकरी, ही सवय त्याला आम्हा डेस्कवाल्यांनीच लावली आहे. आयत्या वेळी जाहिरात आली आणि जागा कमी पडली की कॉपी खालून कापली जाते. कोणी काही दडपत नाही, कोणाचा हेतू वाईट नसतो, तरी गावकऱ्याचे म्हणणे सगळ्यांत आधी गळते, असा माझा अंदाज आहे. डेस्कवर बसून तो सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा 1950 सालचा अभ्यास वाचला, तेव्हा असे प्रश्न तपासता येतात हे पहिल्यांदा कळले. अमेरिकेतल्या एका दैनिकात वृत्तसंस्थांच्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाने न घेतलेली कॉपी जपून ठेवली आणि ती का घेतली नाही, याची कारणे लिहून दिली. पद्धत साधी आहे आणि विलक्षण आहे. पण तिथे दार एक आणि दारावरचा माणूसही एकच. आमच्याकडे वार्ताहर, तालुका कार्यालय, डेस्क, पान लावणारा अशी दारे अनेक. बऱ्याच गावांत बातमी पाठवणाराच जाहिरात आणतो आणि अंकाची एजन्सीही सांभाळतो. मग निवड नेमकी कुठे होते? व्हाइट यांच्या पद्धतीत नाकारलेली बातमी दिसते. जी लिहिलीच गेली नाही ती दिसत नाही. मला दोन्ही शोधायच्या आहेत.

प्रबंधिकेसाठी ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे दोन महापूर घ्यावेत असे वाटते. दुसऱ्या वेळी प्रशासन, वार्ताहर आणि गावकरी या सगळ्यांच्याच गाठीशी पहिल्याचा अनुभव होता. त्याने बातमीत बोलणारी माणसे बदलली का? अलमट्टीच्या पाण्याबद्दल कोणाचे म्हणणे छापले गेले आणि कुरुंदवाड, नृसिंहवाडी किंवा आंबेवाडी-चिखलीतल्या माणसाला त्यात किती ओळी मिळाल्या? छापील अंकांचे आशय-विश्लेषण करायचे, जिथे परवानगी मिळेल तिथे मूळ कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी ठेवून पाहायची आणि वार्ताहरांच्या मुलाखती घ्यायच्या, असा विचार आहे. माझ्या स्वतःच्या पानांचे वर्गीकरण मी करणार नाही. ते दुसऱ्या कोणी करावे.

यासाठी लागणारे बरेच काही मला अजून शिकायचे आहे. बी.ए.ला मराठी होते, नंतर पत्रकारितेची पदविका घेतली. दोन्हींत संशोधन पद्धती जेमतेम शिकले. नमुना कसा निवडावा, दोन वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये किती एकमत असावे, ओळखीच्या माणसाची मुलाखत घेताना अंतर कसे राखावे, हे मला तज्ज्ञांच्या हाताखाली शिकायचे आहे. पुढे याच विषयात पीएच.डी. करायचा मानस आहे. जिल्हा वृत्तपत्रांचा अभ्यास त्यांच्या आत काम केलेल्यांनी करावा, असे मला तीव्रतेने वाटते: मोठ्या शहरातल्या माध्यमांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, तालुक्याच्या पानाबद्दल फार थोडे.

प्रवेश मिळाल्यास पूर्णवेळ अभ्यासासाठी नोकरी सोडायची माझी तयारी आहे आणि घरच्यांची संमतीही आहे. मुलाखती मात्र उन्हाळ्यातच उरकाव्या लागतील. पाणी चढू लागले की वार्ताहरांना कोणाशी बसून बोलायला सवड नसते.