दादाच्या मेसेजला उत्तर

प्रिय दादा,

तुझा मेसेज मंगळवारी रात्री मिळाला. व्हॉइस नोटही ऐकली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण रागात काही लिहिलं असतं तर ते वहिनीकडून मावशीकडे आणि मावशीकडून सगळ्या भावकीत दिवाळीच्या आत पोचलं असतं.

तू ज्याची वाट बघत असशील ते आधी लिहिते. तू माफी मागितलीस, मी तुला माफ केलं. आता हा विषय काढून मी तुला घालूनपाडून बोलणार नाही, चार माणसांत तर नाहीच. तीन वर्षं उशीर झाला, पण तू लिहिलंस. तात्यांनी उभ्या जन्मात आईला एकदाही ‘माझं चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याच घरात तूही वाढलास. तुला ते लिहिणं किती जड गेलं असेल, हे मला कळतं.

पण तू लिहिलंयस, ‘तुला तसं वाटलं असेल तर सॉरी.’ दादा, मला नुसतं तसं ‘वाटलं’ नाही. तात्या गेल्यावर तू वारस नोंदीचा अर्ज दिलास. त्यासोबत वंशावळ जोडलीस आणि प्रतिज्ञापत्र केलंस. त्यात वारस म्हणून आई आणि तू, एवढेच. अक्का नाही, मी नाही. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर दोन नावं चढली, आणि आम्हाला साधा फोनही नाही. मला कळलं ते वर्षभराने, मोबाइलवर सहज उतारा काढून बघितला तेव्हा. विहिरीच्या रानाचा गट नंबर मला पाठ होता, म्हणून.

जमीन तीन एकर. ती किती आणि तिचा भाव काय, यावरून माझं डोकं फिरलं नव्हतं. तात्यांना मुलीच नव्हत्या असं तू सरकारी कागदावर लिहून दिलंस आणि खाली सही केलीस, ते मला लागलं. शेवटचे चार महिने त्यांना डायलिसिसला नेणं-आणणं तू केलंस, रात्री-अपरात्री गाडी काढलीस, ते मी कधीच नाकारलं नाही. पण दर पंधरवड्याला पुण्याहून येऊन मीही त्या बाकावर बसलेय. तिथल्या सिस्टर मला ‘आजोबांची मुलगी’ म्हणून ओळखायच्या.

व्हॉइस नोटमध्ये तू पुन्हा तेच म्हणालास, ‘लग्नात तुमचं सगळं केलं होतं.’ केलं होतं, खरं आहे, आणि त्यासाठी तात्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं हेही मला माहीत आहे. पण लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. अक्काचं लग्न 1991चं, म्हणून ती तेव्हा त्यात बसत नव्हती. 2005च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अटही गेली. कायदा शिकवायला हे लिहीत नाही. तू गावात ‘बहिणी हिस्सा मागायला आल्या’ असं सांगत होतास, म्हणून लिहितेय. आम्ही मागायला आलो नव्हतो. जे होतं ते तू पुसलंस.

आता मेसेजची शेवटची ओळ. ‘भाऊबीजेला ये, बाकी भेटल्यावर बोलू, एक कागद पण आहे.’ तो कागद हक्कसोडपत्र असणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. माफी आणि तो कागद एकाच मेसेजमध्ये आले, म्हणून उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. तरीही माफी खरी आहे असंच मी धरते. कागदाचं मात्र उत्तर आत्ताच ऐक: मी सही करणार नाही. भाऊबीजेला नाही, ओवाळणीच्या ताटासमोर तर अजिबात नाही. पुढे कधी माझा हिस्सा सोडायचा की ठेवायचा हे मी ठरवेन. सोडलाच तर दुय्यम निबंधकांसमोर, आधी मसुदा घरी वाचून. आधी माझं नाव लागू दे. जे नावावरच नाही ते मी सोडू कशी?

तेव्हा पुढे काय व्हायला हवं ते स्पष्ट लिहिते.

फेरफार दुरुस्त करायचा. मी वकिलांना विचारलंय. प्रांतांकडे अपील करावं लागेल. 60 दिवसांची मुदत केव्हाच उलटली, म्हणून सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज लागेल. ते सगळं मी करते, वकिलांची फीही माझी. तू एवढंच करायचंस, की अक्का आणि मी वारस आहोत आणि आमची नावं लावायला तुझी हरकत नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचंस. डिसेंबर संपायच्या आत. तू दिलंस तर हे भांडण न होता उरकेल. नाही दिलंस तरी अपील मी करणारच आहे, फक्त मग तुला तिथे समोरच्या बाजूला उभं राहावं लागेल. ही धमकी समजू नकोस. नंतर ‘मला सांगितलं नाही’ असं व्हायला नको, म्हणून आधी सांगतेय.

रान तूच कसायचंस. त्यात मी काडीचीही ढवळाढवळ करणार नाही, बांधावर येऊन हिशोबही मागणार नाही. पण आईचा हिस्सा आईचा आहे. उसाचं बिल आलं की तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यावर जायला हवेत. बीपीच्या गोळ्यांसाठी तिने वहिनीकडे दोनशे रुपये मागावेत आणि वहिनीने ‘परवाच दिले होते ना’ म्हणावं, हे मी मागच्या वेळी माझ्या कानांनी ऐकलंय. वहिनीचा राग नाही, तिच्या हातात तरी तू किती देतोस हे मला माहीत आहे. आणि आईचा अंगठा किंवा सही कुठल्याही कागदावर घेण्याआधी आम्हा दोघींना कळवायचं. कागदाचा फोटो पाठव, पुरे.

अक्काला तू वेगळा फोन कर. तिच्या वतीने माफ करण्याचा अधिकार मला नाही. तिला मेसेज करू नकोस, ती चष्मा शोधेपर्यंत आणखी चिडेल. आणि तिच्याशी बोलताना ‘वाटलं असेल तर’ हे शब्द वगळ.

गावात जे पसरलंय ते तूच निस्तरायचंस. मी कुणाला खुलासे देत बसणार नाही. काकांना आणि मावशीला तू एवढं सांगितलंस तरी पुरे, की नावं लावायची राहिली होती, ती आता लावतोय. ‘राहिली होती’ म्हण, चालेल. तेवढी सूट मी देते.

भाऊबीजेला मी येईन. मुलं येतील की नाही माहीत नाही, धाकट्याची परीक्षा आहे. ओवाळणीत साडी नको, वहिनीच्या हातच्या कडाकण्या मिळाल्या तर बघ. त्या दिवशी जमिनीचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. आईसमोर तर नकोच. प्रतिज्ञापत्राचं बोलायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर फोन कर, मी घरीच आहे. पण आधी आईकडे फोन दे. तिचे गुडघे कसे आहेत ते तू विचारलं की ती ‘बरे आहेत’ म्हणते, मला खरं सांगते.

तुझी,
सुमा